उत्कलनांक ९६.५ आला, आता ‘चर्चा’ कशी लिहाल?

बेंगळुरूत पीयूसी किंवा बीएस्सीला शिकणाऱ्या मराठी मुलांची एक तक्रार सत्र संपत आले की हमखास कानावर येते. प्रयोग झाला, तक्ता भरला, आलेखही काढला. पण लॅब रेकॉर्ड परत आले आणि ‘चर्चा’ या भागाखाली लाल शाईत शेरा होता: ‘तर्क उलटा आहे, पुन्हा लिहा.’ पुन्हा लिहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र शेऱ्यात नसते. मग मुले तोच परिच्छेद दोन-चार शब्द बदलून, सिद्धांताच्या आणखी दोन ओळी घालून परत देतात आणि तोच शेरा दुसऱ्यांदा मिळवतात.

म्हणून इथे एकच प्रयोग घेऊ आणि त्याची चर्चा शेवटपर्यंत दुरुस्त करू. प्रयोग साधा आहे, पाण्याचा उत्कलनांक मोजण्याचा. बेंगळुरूसाठी तो मुद्दाम निवडला आहे, कारण या शहरात पाणी १०० अंशांना उकळत नाही. खालचे वाचनांचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. तुमचे थोडे वेगळे येतील.

परत आलेला परिच्छेद

असे परिच्छेद साधारण या वळणाचे असतात:

> पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस असतो. द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. आमच्या प्रयोगात उत्कलनांक ९६.५ अंश आला. म्हणजे ३.५ टक्के त्रुटी आली. ही त्रुटी मानवी चूक, पॅरॅलॅक्स, पाण्यातील अशुद्धी किंवा उपकरणातील दोष यांमुळे आली असावी. अशा प्रकारे सिद्धांत सिद्ध झाला.

व्याकरण ठीक आहे, सिद्धांताचे वाक्यही बरोबर आहे. बिघाड क्रमात आहे. पहिल्याच वाक्यात १०० हा आकडा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि तिथून पुढे तुमच्या निरीक्षणाला आरोपी म्हणून उभे राहावे लागते. ९६.५ का आले, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. ते चुकले हे आधीच ठरून जाते. गंमत अशी की खरे कारण दुसऱ्या वाक्यात लिहिलेले आहे. ‘बाहेरच्या हवेच्या दाबाइतका’ हे शब्द विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिले, पण बाहेरचा दाब किती होता हे पाहिले नाही.

त्या ‘३.५ टक्क्यां’बद्दलही एक शब्द. सेल्सिअस मापनश्रेणीचा शून्य सोयीसाठी ठरवलेला आहे, त्यामुळे तिच्यावर काढलेल्या टक्केवारीला अर्थ नसतो. हाच फरक केल्विनमध्ये मांडला तर त्रुटी एका टक्क्याहून कमी दिसते. फरक तोच आणि टक्केवारी मात्र श्रेणीनुसार बदलते, म्हणून तापमानाच्या प्रयोगात ‘३.५ अंशांचा फरक’ असेच लिहा.

पायरी पहिली: प्रत्येक वाक्यासमोर खूण करा

नवीन लिहायला घेण्याआधी जुना परिच्छेद पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर लिहा:

- नि: तुम्ही पाहिलेले किंवा मोजलेले, तक्त्यात दाखवता येईल असे
- अ: निरीक्षणावरून काढलेले अनुमान
- सि: पुस्तकातून आलेला सिद्धांत
- ?: ज्याला आधार दाखवता येत नाही असे

वरच्या परिच्छेदात खुणा पडतात त्या अशा: सि, सि, नि, अ, ?, ?. सहा वाक्यांत निरीक्षण एकच, आणि तेही तिसऱ्या क्रमांकावर. सुधारलेल्या परिच्छेदात सुरुवातीला ‘नि’ची रांग लागली पाहिजे, मग ‘अ’, त्यानंतर ‘सि’. ‘?’ची वाक्ये एकतर आधार मिळवून अनुमानात जातात, नाहीतर खोडली जातात. बहुतेक जण ती खोडायला कचरतात, कारण त्यांनी पान भरलेले दिसते.

पायरी दुसरी: तक्त्यात आणखी काय दडले आहे ते काढा

‘९६.५ आला’ हे थेट निरीक्षण नव्हे, ती सरासरी आहे. तिच्यामागे काय काय पाहिले होते ते तक्त्यात शोधा. आपल्या नमुन्यात चार गोष्टी सापडतात.

1. बर्नर चालू असूनही शेवटची आठ मिनिटे तापमान ९६.४ ते ९६.६ अंशांच्या मध्येच राहिले. त्याआधी ते दर मिनिटाला वाढत होते.
2. तीन वेळा प्रयोग केला. वाचने आली ९६.४, ९६.६ आणि ९६.४.
3. थर्मामीटरचा लीस्ट काउंट ०.२ अंश होता.
4. सुरुवातीला थर्मामीटर वितळत्या बर्फात धरला होता, तेव्हा त्याने ०.० दाखवले.

यातली पहिली गोष्ट सर्वांत मोलाची आहे आणि अहवालात तीच गायब असते. उष्णता देत असूनही तापमान थांबले, यावरूनच हे पाणी खरोखर उकळत होते, नुसते तापत नव्हते, असे म्हणता येते. हे पहिले अनुमान झाले आणि त्यासाठी सिद्धांताची गरज पडली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की दुसरे अनुमान निघते. तिन्ही वाचने एका लीस्ट काउंटच्या आत आहेत आणि तिन्ही १०० च्या खालीच आहेत. ३.५ अंशांचा फरक म्हणजे थर्मामीटरच्या सतराहून अधिक बारीक रेघा. तेव्हा हा फरक योगायोगाने आलेला नाही, काहीतरी एकाच दिशेने ओढते आहे.

इथवर तुम्ही एकही सूत्र लिहिलेले नाही, तरी वाचकाच्या मनात ‘मग ओढते तरी काय?’ हा प्रश्न उभा राहिला आहे. तो उभा राहिल्यावरच सिद्धांताला आत घ्यायचे.

पायरी तिसरी: कारणांची झडती घ्या

‘मानवी चूक, पॅरॅलॅक्स, अशुद्धी, उपकरणातील दोष’ ही यादी राज्यभरातल्या रेकॉर्डांत एकसारखी आढळते. तिच्यातला प्रत्येक शब्द घ्या आणि दोन प्रश्न विचारा: हे कारण खरे असते तर वाचन कोणत्या दिशेने सरकले असते, आणि किती?

- पॅरॅलॅक्स. डोळा वर-खाली झाला तर वाचन एखाद-दुसऱ्या रेघेने, कधी वर तर कधी खाली जाते. सतरा रेघा आणि त्याही सगळ्या एकाच बाजूला, हे पॅरॅलॅक्सचे काम नाही.
- पाण्यातील क्षार. विरघळलेल्या क्षारांनी उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. म्हणजे दिशाच उलटी. शिवाय एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ असले तरी वाढ ०.०२ अंशापेक्षा कमी भरते. बोअरवेलच्या पाण्यावर खापर फोडायची सवय सोडा.
- थर्मामीटरचा शून्य सरकलेला असणे. तसे असते तर वितळत्या बर्फातही वाचन तितकेच खाली, म्हणजे उणे साडेतीनच्या आसपास यायला हवे होते. ते ०.० आले.
- हवेचा दाब. दाब कमी असेल तर उत्कलनांक कमी होतो. दिशा जुळते. किती, ते मोजायचे राहिले.

‘मानवी चूक’ वरच्या झडतीत घेतलेलीच नाही, कारण तिला दिशाही नाही आणि मापही नाही. कोणती चूक, कुणी, कोणत्या वाचनात केली हे सांगता येत असेल तर ते सांगा. नाहीतर तो शब्द अहवालातून काढून टाका.

पायरी चौथी: आता सिद्धांत, पण तुमच्या शहराचा आकडा घालून

‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे वाक्य अर्धे आहे. पूर्ण वाक्य असे: हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असेल तर पाणी १०० अंशांना उकळते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि इथला दाब साधारण ६८० ते ६८५ मिलिमीटर असतो. त्यामुळे तुमच्या निरीक्षणाची तुलना १०० शी करायचीच नाही. तुलना करायची ती त्या दिवशीच्या, त्या खोलीतल्या दाबाला पाणी जितक्या अंशांना उकळायला हवे त्याच्याशी.

प्रयोगशाळेत भिंतीवर फोर्टिनचा वायुभारमापक असतो, त्याचे वाचन घ्या. समजा ते ६८४ मिलिमीटर आले. आता बाष्पदाबाचा तक्ता उघडा:

- ९६ अंशांना ६५७.६ मिलिमीटर
- ९७ अंशांना ६८२.१ मिलिमीटर
- ९८ अंशांना ७०७.३ मिलिमीटर
- १०० अंशांना ७६०.० मिलिमीटर

९७ आणि ९८ यांच्यामध्ये एका अंशाला सुमारे २५ मिलिमीटर पडतात. ६८४ हे ६८२.१ च्या जेमतेम दोन मिलिमीटर वर आहे, म्हणून अपेक्षित उत्कलनांक ९७.१ अंश. १०० वरून ९७.१, म्हणजे साडेतीन अंशांपैकी २.९ अंशांचा हिशोब एकट्या दाबाने दिला. याच तक्त्यावरून पुण्यात पाणी ९८ अंशांच्या किंचित वर आणि महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळणार, हेही काढता येते.

या पायरीवर दोन ठिकाणी मुले फसतात, आणि दोन्ही फसगती हुशार मुलांच्या आहेत.

पहिली हवामानाच्या ॲपची. वायुभारमापक बंद असला की विद्यार्थी मोबाइलवर बेंगळुरूचा दाब पाहतो. तिथे १०१२ हेक्टोपास्कलसारखा आकडा दिसतो, म्हणजे ७५९ मिलिमीटर. ‘दाब तर जवळजवळ पूर्ण आहे’ असे म्हणून तो खरे कारण स्वतःच बाद करतो. ॲपवरचा तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या शहरांचे हवामान एका नकाशावर मांडता यावे म्हणून हवामान खाती दाबात उंचीची भर घालून तो देतात. उकळत्या पाण्याला ही भर माहीत नसते. तुम्हाला हवा आहे तो जागेवरचा दाब, साधारण ९१२ हेक्टोपास्कल. मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचे कच्चे वाचन हेच दाखवते.

दुसरी फसगत गोल फिरणाऱ्या तर्काची आहे. दाब मोजलेला नाही, म्हणून विद्यार्थी तक्त्यात ९६.५ च्या समोरचा दाब पाहतो, तो सुमारे ६७० मिलिमीटर निघतो आणि लिहितो: ‘दाब ६७० असल्यामुळे उत्कलनांक ९६.५ आला.’ आकडा अचूक जुळतो, कारण तो त्याच निरीक्षणातून काढलेला आहे. उकळत्या पाण्यावरून दाब आणि उंची काढणे ही जुनी, चांगली पद्धत आहे. सर्वेक्षक नैनसिंह रावत यांनी १८६६ मध्ये ल्हासाची उंची अशीच काढली होती. पण त्यांचे काम उंची शोधण्याचे होते, उत्कलनांकाचे कारण देण्याचे नव्हते. तुम्हाला कारण द्यायचे असेल तर दाबाचा आकडा थर्मामीटरकडून येता कामा नये. दुसऱ्या उपकरणावरून तो आला तरच जुळण्याला किंमत आहे.

पायरी पाचवी: उरलेला अर्धा अंश

अपेक्षा ९७.१ ची, निरीक्षण ९६.५. अजून ०.६ अंश उरतो. लीस्ट काउंट ०.२ आहे, म्हणजे हा फरक तीन रेघांचा; ‘जवळपास जुळले’ म्हणून झाकण्याइतका लहान नाही. इथे पुन्हा निरीक्षणांकडे जा. थर्मामीटरचा किती भाग पाण्यात होता?

काचेच्या अनेक थर्मामीटरांचे अंशांकन पाऱ्याचा सगळा स्तंभ त्या तापमानात बुडालेला आहे असे धरून केलेले असते. त्यांना टोटल इमर्शन थर्मामीटर म्हणतात. प्रयोगात मात्र फुगा आणि थोडी दांडी पाण्यात असते, बाकीचा स्तंभ बाहेरच्या थंड हवेत. बाहेरचा पारा कमी प्रसरण पावतो आणि वाचन खाली येते. पाऱ्यासाठी दुरुस्ती अशी:

```
0.00016 × n × (T − t)
```

इथे `n` म्हणजे बाहेर राहिलेल्या स्तंभाची अंशांमधली लांबी, `T` म्हणजे वाचन आणि `t` म्हणजे बाहेरच्या स्तंभाचे सरासरी तापमान. ते दांडीच्या मध्याशी दुसरा थर्मामीटर टेकवून मोजतात. नमुन्यात ६० अंशांचा स्तंभ बाहेर होता आणि त्याचे तापमान ४० अंश होते. म्हणून ०.०००१६ × ६० × ५६.५, म्हणजे सुमारे ०.५ अंश. दुरुस्त वाचन ९७.० झाले. अपेक्षित ९७.१ पासूनचा फरक आता लीस्ट काउंटच्या आत आहे.

बर्फातल्या चाचणीत हा दोष का दिसला नाही, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येऊ शकतो. बर्फात पाऱ्याचे टोक शून्याच्या खुणेवर असते, बाहेर पडलेला स्तंभ जवळजवळ नसतोच. चाचणी खरी होती, पण ती थर्मामीटरच्या एकाच टोकाची होती.

ही दुरुस्ती डोळे झाकून लावू नका. थर्मामीटरच्या दांडीवर बुडवण्याची रेघ कोरलेली असेल तर तो तेवढाच बुडवायचा असतो आणि तेवढा बुडवला असेल तर दुरुस्ती लागत नाही. लाल द्रवाच्या थर्मामीटरला वरचा गुणांक चालत नाही. त्याचा गुणांक बराच मोठा असतो.

सुधारलेला परिच्छेद

आता सगळे एका धाग्यात:

> बर्नर चालू असताना पाण्याचे तापमान आठ मिनिटे ९६.४ ते ९६.६ अंश सेल्सिअसमध्ये स्थिर राहिले, म्हणून हे तापमान उत्कलनांकाचे मानले. तीन वाचनांची सरासरी ९६.५ अंश आहे. वाचनांमधील फरक लीस्ट काउंटइतकाच, म्हणजे ०.२ अंश आहे. त्यामुळे १०० अंशांपासूनचा ३.५ अंशांचा फरक वाचनाच्या अनिश्चिततेने समजावता येत नाही. विरघळलेल्या क्षारांनी उत्कलनांक वाढला असता. थर्मामीटरचा शून्य सरकलेला नव्हता, कारण वितळत्या बर्फात वाचन ०.० होते. वायुभारमापकावर हवेचा दाब ६८४ मिलिमीटर होता. बाष्पदाब बाह्य दाबाइतका झाल्यावर द्रव उकळतो. बाष्पदाबाच्या तक्त्यानुसार या दाबाला उत्कलनांक ९७.१ अंश अपेक्षित आहे. थर्मामीटरचा ६० अंशांचा स्तंभ पाण्याबाहेर होता. त्याची दुरुस्ती सुमारे ०.५ अंश आहे आणि दुरुस्त उत्कलनांक ९७.० अंश येतो. निरीक्षण आणि अपेक्षा यांतील उरलेला फरक लीस्ट काउंटपेक्षा कमी आहे. फुगा वाफेत नसून पाण्यात होता, त्यामुळे पाणी किंचित अतितप्त झाल्याची शक्यता या प्रयोगात तपासलेली नाही.

जुन्या परिच्छेदातले बाष्पदाबाचे वाक्य इथेही आहे, फक्त ते खाली आले आहे आणि खाली आल्यावर त्याला काम मिळाले आहे. शेवटचे वाक्य मुलांना नकोसे वाटते, आपणच आपली उणीव का दाखवायची म्हणून. ते ठेवाच. परीक्षक तो प्रश्न विचारणारच असतात. आणि ‘सिद्धांत सिद्ध झाला’ हे वाक्य परत आणू नका. एका दाबाला घेतलेल्या एका उत्कलनांकाने सिद्धांत सिद्ध होत नाही, तो निरीक्षणाशी सुसंगत ठरतो, एवढेच.

हीच पद्धत साध्या लंबकालाही लागते. बेंगळुरूत `g` चे मूल्य सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. तुमचे उत्तर ९.७८ आले आणि पुस्तकातल्या ९.८१ शी तुलना करून तुम्ही ते चुकीचे ठरवले, तर चूक लंबकाची नाही.

रेकॉर्ड पुन्हा देण्यापूर्वी: काय करता येते, काय नाही

- निरीक्षण-वहीतला आकडा बदलू नका. चुकीचे वाचन एका रेघेने खोडा, वाचता येईल असे राहू द्या आणि शेजारी कारण लिहा. चर्चा पुन्हा लिहायला सांगितली आहे, तक्ता नव्हे.
- दुरुस्त आणि मूळ, दोन्ही आकडे दाखवा. फक्त ९७.० लिहिले तर तपासणाऱ्याला ते कुठून आले हे कळणार नाही.
- फरकाचा काही भाग समजला नाही तर तसे लिहा आणि तो किती अंशांचा आहे ते सांगा. मापासह कबूल केलेला फरक हा दोष नाही.
- ‘तर्क उलटा’ या शेऱ्याचा अर्थ समजला नसेल तर खुणा केलेला जुना परिच्छेद घेऊन सरांना किंवा मॅडमना भेटा आणि कोणत्या वाक्यापाशी अडले ते विचारा. नुसते ‘काय चुकले?’ विचारलेत तर उत्तरही तितकेच मोघम मिळेल.
- प्रयोगाच्या दिवशी दाब नोंदवला नसेल तर आज जाऊन नोंदवा आणि तारीख बदललेली आहे हे स्पष्ट लिहा. बेंगळुरूत एरवी दाब एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी दोन-तीन मिलिमीटरच हलतो. त्याने अपेक्षित उत्कलनांक साधारण ०.१ अंशाने बदलतो, आणि तेवढे तुमच्या थर्मामीटरला दिसतही नाही.